डाव्या हाताला फक्त काना-मात्रा

सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर तालुक्यातल्या सोनाळ्याकडचा एक तरुण गेल्या वर्षी आमच्या बाह्यरुग्ण विभागात आला होता. मोटारसायकलवरून पडून उजव्या दंडाचे हाड मधोमध मोडलेले होते. व्यवसाय म्हणाल, तर दाखले आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे छोटे केंद्र. त्यात पीक विम्याच्या अर्जांचे दिवस तोंडावर आलेले. हाताच्या दुखण्यापेक्षा त्याला दुसरीच चिंता होती. तो म्हणाला, "साहेब, डाव्या हातानं नुसते काना-मात्रेच उमटून राह्यले. अक्षर एकबी निघत नाही."

ऐकायला हे गमतीचे वाटते, पण ते शब्दशः खरे आहे. सरकारी कामात वापरला जाणारा 'इनस्क्रिप्ट' कीबोर्ड हा मुळात दोन हातांच्या भागीदारीवर उभा आहे. १९८० च्या दशकात भारतीय भाषांसाठी तो प्रमाणित करताना स्वर आणि स्वरचिन्हे डाव्या हाताला दिली आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. मराठीत व्यंजनामागून मात्रा येते, त्यामुळे उजवा, डावा, उजवा, डावा असा ठेका धरून बोटे चालतात. दोन्ही हात धड असतील तर ही मांडणी फार सुंदर आहे. उजवा हात गळ्यात आला की तीच मांडणी पंचाईत करते. डाव्या हाताच्या वाट्याला बहुतेक सगळ्या मात्रा, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण आणि व्यंजनांपैकी म, न, व आणि ण एवढीच उरतात. 'नाव', 'मान', 'नवीन', 'नमुना', 'आणि' हे शब्द डावा हात एकटा लिहू शकतो. पण 'संग्रामपूर' लिहायचे तर दहा वेळा कळ दाबावी लागते आणि त्यातल्या पाच कळा उजव्या हाताच्या असतात. इंग्रजीत परिस्थिती बरी आहे. नेहमीच्या कीबोर्डवर सव्वीसपैकी पंधरा अक्षरे डाव्या हाताकडे आहेत आणि त्यांत e, t, a, r, s ही सतत लागणारी अक्षरे येतात. address, date, state, caste हे अर्जातले शब्द डाव्या हाताने सरळ लिहिता येतात. उजव्या हाताला इजा झालेल्या माणसाची अडचण इंग्रजीपेक्षा मराठीत मोठी आहे, आणि याबद्दल मराठीत फारसे कोणी सांगत नाही, म्हणून आजचा विषय.

कोणती युक्ती शिकायची हे ठरवण्याआधी हात किती दिवस बाहेर राहणार आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. मनगटाचे साधे हाड मोडले, प्लास्टर पाच-सहा आठवड्यांचे आहे आणि बोटे प्लास्टरबाहेर मोकळी आहेत, तर नवीन मांडणी शिकण्याच्या फंदात पडू नये. शिकून होईतो प्लास्टर निघालेले असते. आमच्या या रुग्णाचे प्रकरण वेगळे होते. त्याचे मनगट खाली लोंबत होते आणि बोटे मुळापासून वर उचलता येत नव्हती. दंडाच्या हाडाला वळसा घालून जाणारी रेडियल नस दुखावल्याची ही खूण आहे. दंडाचे हाड मधोमध मोडणाऱ्या साधारण दहा जणांपैकी एकाला असे होते. बहुतेकांची नस आपणहून सावरते, पण ती घाईत नसते. नसेचे तंतू तुटले असतील तर ते दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या वेगाने पुन्हा वाढतात. दंडाच्या मध्यापासून पुढच्या स्नायूपर्यंत दहा सेंटिमीटरचे अंतर धरा, म्हणजे तीन महिने सहज जातात. हाड जुळायलाही दहा-बारा आठवडे लागतात. तीन-चार महिन्यांचा हिशेब असेल तर शिकण्यात घातलेला वेळ वसूल होतो.

पहिल्या आठवड्यात शिकायचे काही नसते, फक्त संगणकाच्या चार सोयी चालू करायच्या असतात. त्यातली सर्वांत महत्त्वाची आहे Sticky Keys. मराठीत ख, घ, थ, ध, ळ, श यांसाठी Shift धरून ठेवावा लागतो. एका हाताने डावीकडचा Shift आणि 'ळ'ची कळ एकाच वेळी दाबायची तर पंजा ताणून ताणून अंगठ्याचा सांधा दुखायला लागतो. Sticky Keys चालू केले की Shift एकदा दाबून सोडायचा आणि मग निवांत दुसरी कळ दाबायची. दोन्ही मिळून दाबल्याचा परिणाम होतो. Ctrl, Alt आणि Win या कळांनाही हेच लागू. विंडोजमध्ये Shift लागोपाठ पाच वेळा दाबला की ही सोय चालू करायची का, असे संगणक विचारतो. Win + U दाबूनही तिथे जाता येते.

यात दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात. Shift चुकून दोनदा दाबला गेला तर तो अडकून बसतो. मग 'क'च्या जागी 'ख' आणि 'त'च्या जागी 'थ' यायला लागतो. कीबोर्ड बिघडला असे समजून लोक संगणक बंद करून पुन्हा चालू करतात. Shift आणखी एकदा दाबला की तो सुटतो, बाकी काही करावे लागत नाही. दुसरा घोटाळा मदतीला आलेल्या माणसामुळे होतो. त्याने सवयीने दोन कळा एकदम दाबल्या की Sticky Keys आपोआप बंद पडते. त्याच पानावर 'दोन कळा एकत्र दाबल्यास बंद करा' अशा अर्थाचा पर्याय असतो, तो काढून टाकावा.

दुसरी सोय आहे Win + V. दोन्ही कळा डाव्या बाजूलाच आहेत. ती एकदा चालू केली की आपण कॉपी केलेल्या शेवटच्या पंचवीस गोष्टी संगणक लक्षात ठेवतो, आणि त्यांतल्या हव्या त्या टाचून ठेवल्या तर संगणक बंद करून पुन्हा चालू केल्यावरही त्या राहतात. गावाचे नाव, तालुका, जिल्हा, 'शेतकऱ्याचे नाव सातबाऱ्याप्रमाणे' यांसारखे दिवसातून चाळीस वेळा लागणारे शब्द या तरुणाने तिथे टाचून ठेवले. अर्जातला निम्मा मजकूर तर असाच ठरलेला असतो. इथे सावधगिरीची एक गोष्ट आहे. दाखल्यांच्या केंद्रात लोकांचे आधार आणि बँक खात्याचे क्रमांकही कॉपी केले जातात आणि तेही या यादीत साठतात. दिवसाअखेर यादी पुसून टाकावी. टाचलेल्या गोष्टी पुसल्या जात नाहीत, म्हणून कोणाचाही क्रमांक चुकूनही टाचू नये.

भाषा बदलायला Win + Space, कॉपी-पेस्टला Ctrl + C आणि Ctrl + V, खिडकी बदलायला Alt + Tab. नशिबाने या सगळ्या कळा डावीकडेच आहेत. माउसची बटणे सेटिंगमधून उलटी करून घ्यावीत, म्हणजे डाव्या हाताची तर्जनी मुख्य बटणावर येते.

आता हात ठेवायचा कुठे? डावा हात त्याच्या नेहमीच्या जागी, A S D F वर ठेवून उजवीकडच्या कळांसाठी दरवेळी लांब उडी मारायची, ही सगळ्यांची पहिली सवय असते. त्यात नजर सतत कीबोर्डवर राहते आणि संध्याकाळपर्यंत खांदा भरून येतो. त्यापेक्षा हात मधोमध आणावा. करंगळी F वर, मग G आणि H, आणि तर्जनी J वर. F आणि J या दोन्ही कळांवर छोटा उंचवटा असतो, त्यामुळे करंगळी आणि तर्जनी न बघता आपली जागा शोधतात. इनस्क्रिप्टमध्ये त्या चार कळा म्हणजे ऱ्हस्व वेलांटी, ऱ्हस्व उकार, प आणि र. इथून क, त, ग, ह, द उजवीकडे आणि काना, मात्रा डावीकडे, साधारण सारख्या अंतरावर येतात. कीबोर्ड मात्र डावीकडे सरकवायचा, इतका की G आणि H डाव्या खांद्यासमोर यावेत. मग मनगट सरळ राहील एवढा तो किंचित तिरका करायचा. बोटे ताणण्याऐवजी कोपरापासून हात सरकवायचा, एवढे एकच पथ्य.

पहिले तीन आठवडे या तरुणाने असेच काम केले. वेग पूर्वीच्या तिसऱ्या हिश्श्यावर आला होता, पण केंद्र बंद पडले नाही. हाड नुकतेच मोडलेले असताना उजवा कोपर टेबलावर टेकवून जोर द्यायला मी सक्त मनाई केली होती. दंडाला आधारपट्टा लावलेला असतो, तेव्हा हाताच्या स्वतःच्या वजनानेच हाड सरळ राहते. कोपर टेकवला की तुकडे वाकडे होऊ शकतात. टेबलाशी बसणाऱ्या माणसाकडून हे नकळत घडते, आणि म्हणून ते मुद्दाम सांगावे लागते.

चौथ्या आठवड्यात त्याने आरसा-पद्धत शिकायला घेतली. मला स्वतःला ही युक्ती सर्वांत आवडते. टोरोंटोच्या एडगर मॅटियस यांनी ती पुढे आणली आणि १९९३ मध्ये तिचा प्रयोग प्रसिद्ध झाला. कल्पना साधी आहे. आपला डावा हात आणि उजवा हात एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब आहेत, आणि मेंदूला ते आधीच ठाऊक असते. तेव्हा स्पेसबार धरून ठेवला की कीबोर्डचा उजवा अर्धा भाग उलटून डाव्या हाताखाली यावा आणि सोडला की पुन्हा नेहमीचा. नुसता दाबून सोडला तर जागा सुटावी. ज्या बोटाने उजव्या हाताने जे अक्षर काढत होतो, त्याच बोटाने डाव्या हाताने ते काढायचे. नवे पाठांतर जवळजवळ नाही.

इंग्रजीसाठी शोधलेली ही युक्ती इनस्क्रिप्टवर तर अंगठीत खडा बसावा तशी बसते, कारण इथे डावीकडच्या मात्रेसमोर उजवीकडे व्यंजन उभे आहे. स्पेसबार धरून ऱ्हस्व वेलांटीच्या कळीवर 'र' येतो, पाय मोडण्याच्या कळीवर 'क', एका मात्रेच्या कळीवर 'त', ऱ्हस्व उकाराच्या कळीवर 'प', कान्याच्या कळीवर 'ग', आणि 'न'च्या कळीवर 'स'. 'कर' लिहायचे तर अंगठा स्पेसबारवर दाबून ठेवून मधले बोट आणि तर्जनी. 'तार' लिहायचे तर अंगठा दाबून अनामिका, मग अंगठा सोडून मधल्या बोटाने वरच्या ओळीतला काना, पुन्हा अंगठा दाबून तर्जनी. हात जागचा हलत नाही.

मॅटियस यांच्या प्रयोगात न बघता टायपिंग करणारी माणसे घेतली होती. तीन-चार तासांच्या सरावात त्यांचा वेग एकेक कळ शोधत मारणाऱ्यापेक्षा वाढला आणि दहा तासांनंतर त्यांना आपल्या दोन हातांच्या वेगाच्या ४१ ते ७३ टक्क्यांपर्यंत पोहोचता आले. रोज अर्धा तास धरला तर तीन आठवडे. आमच्या तरुणाला त्याहून थोडे जास्त लागले, कारण मराठीसाठी स्पेसबार सारखा धर-सोड करावा लागतो. सुरुवातीला दोन शब्द जोडले जायचे किंवा मधेच जागा सुटायची. अंगठा अक्षराच्या आधी सुटतो आहे, एवढाच त्याचा अर्थ. वेग कमी करून अंगठा अर्धा क्षण जास्त धरला की ते थांबते.

दोन मर्यादा सांगायलाच हव्यात. विंडोजमध्ये ही सोय मुळात नाही. AutoHotkey सारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये कळांच्या जोड्या लिहून ती करून घ्यावी लागते. संगणकाची जाण असलेल्या माणसाचे हे तासाभराचे काम आहे, पण सरकारी कार्यालयातल्या संगणकावर परवानगीशिवाय असे काही बसवता येत नाही. दुसरे म्हणजे, ज्याला आधीपासून न बघता टायपिंग येते त्यालाच याचा खरा फायदा. दोन बोटांनी शोधत टाइप करणाऱ्याच्या मेंदूत आरशात दाखवायला काही साठलेलेच नसते. त्याने वर सांगितलेल्या मधल्या जागेवरच राहावे.

काही जण विचारतात की एका हातासाठी खास बनवलेली मांडणी का नाही घ्यायची. अशी मांडणी आहे. ऑगस्ट ड्वोराक यांनी आपल्या प्रसिद्ध कीबोर्डचे पेटंट १९३६ मध्ये मिळवले आणि पुढे फक्त डाव्या किंवा फक्त उजव्या हातासाठीही मांडण्या केल्या. त्या विंडोजमध्ये आजही मिळतात. पण त्या इंग्रजीसाठी आहेत, सगळी अक्षरे नव्या जागी जातात आणि बोटांना ती वळणे लागायला काही महिने लागतात. हात कायमचा गेला असेल, काम मुख्यतः इंग्रजीत असेल, तर जरूर विचार करावा. बरा होणाऱ्या हातासाठी मी ती सुचवत नाही.

नवव्या आठवड्यात तपासताना त्याने मनगट वर उचलण्याचा प्रयत्न केला आणि ते थोडे हलले. नस सावरताना ठरलेला क्रम असतो. आधी कोपराजवळचा स्नायू, मग मनगट उचलणारे, मग बोटे, आणि सर्वांत शेवटी अंगठा. इथून पुढे उजव्या हाताला कामाला लावायचे असते. डावा हात सरावला की माणूस उजव्याला विसरतो, आणि न वापरलेला हात बरा होऊनही मागे पडतो.

पण रेडियल नसेच्या इजेत टायपिंगची अडचण लोकांना वाटते त्याच्या उलट असते. कळ दाबणारे स्नायू दुसऱ्या नसांवर चालतात, ते शाबूत असतात. अडते ते बोट कळीवरून उचलताना. परिणाम पडद्यावर दिसतो. 'क' लिहायला जावे तर 'कककककक' उमटते, कारण बोट कळीवर पडून राहते आणि संगणक तेच अक्षर पुन्हा पुन्हा काढतो. हा हात बिघडल्याचा पुरावा नाही. मनगट वर धरणारी पट्टी बांधावी आणि कीबोर्डच्या सेटिंगमध्ये Repeat delay सर्वांत लांब करावा. तेवढ्याने भागले नाही तर Filter Keys चालू करावे, ते चुकून झालेली पुनरावृत्ती गाळते. उजवीकडचा Shift आठ सेकंद धरला की ते चालू होते. कोणी नकळत तसा धरून ठेवला आणि कीबोर्ड एकाएकी मंदावला, तर हेच कारण तपासावे. बोटे खाली लोंबून शेजारच्या कळा दाबल्या जात असतील तर मागे रबर असलेली पेन्सिल मुठीत उलटी धरून रबराने कळा दाबाव्यात. उचलण्याचे काम मग कोपर करतो. आमच्या रुग्णाने सुरुवातीला उजव्या हाताला फक्त Enter आणि Backspace दिल्या होत्या. दोन्ही डाव्या हाताला दूर पडणाऱ्या. 'कककक'ची लांबी आठवड्यागणिक कमी होत गेली आणि आम्हाला प्रगती मोजायला ते एक बरे साधन झाले.

तीन महिने होऊनही मनगटात काहीच हालचाल आली नाही तर वाट पाहत बसू नये. नसेची विद्युत तपासणी करून अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. प्लास्टर किंवा पट्ट्यातल्या हाताची बोटे सुजली, काळीनिळी पडली किंवा नव्याने बधिर झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आणि डाव्या हाताकडे लक्ष असू द्यावे, कारण आता त्याच्यावर दोघांचे काम आहे. त्यातही आरसा-पद्धतीत अंगठा दिवसभर दाबलेला राहतो. अंगठा मुठीत मिटून मनगट करंगळीच्या बाजूला वाकवून पाहावे. अंगठ्याच्या मुळाशी कळ आली तर तिथल्या स्नायुबंधांना सूज येऊ लागली आहे. करंगळीला मुंग्या येत असतील तर कोपर टेबलाच्या कडेवर दाबला जातो आहे का ते बघावे. वीस-पंचवीस मिनिटे काम आणि पाच मिनिटे हात मोकळा, हा नियम गर्दीच्या दिवसांत पाळणे कठीण जाते. लांबलचक मजकूर असेल तेव्हा मोबाइलच्या गूगल कीबोर्डवर मराठीत बोलून लिहावे. गूगलने २०१७ मध्ये ही सोय मराठीसाठी आणली. नावे आणि आडनावे मात्र ती अजून हवी तशी लिहीत नाही, आणि सातबाऱ्यावरच्या नावात एक वेलांटी चुकली तरी अर्ज परत येऊ शकतो, म्हणून ती हातानेच लिहावीत.